तक्त्यावरून लिमिटचा अंदाज: कुठे थांबायचं, कुठे संशय घ्यायचा

लिमिट शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक सोपी युक्ती हाती येते. x ला हव्या त्या संख्येच्या जवळ जवळ न्यायचं, प्रत्येक वेळी फंक्शनची किंमत काढायची, तक्ता मांडायचा आणि किमती कुठे चालल्या आहेत ते बघायचं. युक्ती चांगली आहे, मी स्वतः ती रोज वापरतो. पण ती कधी फसवते हे पहिल्या आठवड्यात सहसा कुणी सांगत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ:

```
f(x) = (1 - cos x) / x^2        x → 0
```

x = 0 ठेवलं तर वर शून्य आणि खालीही शून्य, म्हणजे किंमतच नाही. लिमिट मात्र आहे का, आणि असली तर किती, हा प्रश्न उरतो.

आधी कोनाचं एकक बघा

कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना? ही अगदी क्षुल्लक गोष्ट वाटते, पण तक्त्यातल्या चुकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर वरच्या फंक्शनचा तक्ता 0.00015231 च्या आसपास छान स्थिरावतो. कुठेही गडबड दिसत नाही, आकडे शहाण्यासारखे एका जागी येऊन बसतात. फक्त ते वेगळ्याच फंक्शनचं लिमिट असतं: एक अंश म्हणजे π/180 रेडियन, आणि (π/180)² चा अर्धा म्हणजे हाच 0.00015231. तक्ता स्थिरावला म्हणजे तो आपल्याच प्रश्नाचं उत्तर देतोय असं नाही, हे इथेच लक्षात येतं.

तक्ता मांडा

हाताने करायचं असेल तर x = 1, 0.1, 0.01 असे तीन-चार बिंदू पुरतात. संगणक हाताशी असेल तर चार ओळींचं काम आहे:

```python
from math import cos
for k in range(1, 9):
    x = 10**(-k)
    print(x, (1 - cos(x)) / x**2)
```

दहा दशांश स्थळांपर्यंत लिहिलं तर उत्तरं अशी येतात:

```
x              f(x)
0.1            0.4995834722
0.01           0.4999958333
0.001          0.4999999583
0.0001         0.4999999970
0.00001        0.5000000414
0.000001       0.5000444503
0.0000001      0.4996003611
0.00000001     0.0000000000
```

पहिल्या चार ओळी वाचल्या की कुणीही म्हणेल, उत्तर 0.5. शेवटची ओळ वाचली की म्हणेल, उत्तर 0. माझ्या एका विद्यार्थ्याने खरोखरच 0 लिहिलं होतं, आणि त्याचं कारण ऐकून मला त्याच्यावर रागावता येईना. "सर, तुम्हीच म्हणालात ना, x जितका जवळ तितकं उत्तर अचूक? मी सगळ्यात जवळचा घेतला."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच नियम अर्धा सांगितला होता.

आकड्यांपेक्षा त्यांच्यातले फरक वाचा

तक्ता वाचायची माझी सवय अशी आहे: किमतींकडे नंतर बघायचं, आधी लागोपाठच्या दोन ओळींमधला फरक काढायचा. वरच्या तक्त्यात पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना किंमत 0.0004123611 ने वाढते. दुसऱ्यातून तिसऱ्यात 0.0000041250 ने. म्हणजे x दहापट लहान केला की फरक साधारण शंभरपट लहान होतो. या फंक्शनच्या बाबतीत असंच व्हायला हवं, कारण 0 जवळ f(x) जवळपास 1/2 − x²/24 इतकं असतं. x² असल्यामुळे x दहापट कमी झाला की चूक शंभरपट कमी होते.

पुढचा फरक 0.0000000387 आहे. तो 0.0000000412 च्या आसपास असायला हवा होता. थोडा ढळला, पण एवढ्यावरून कुणाला शंका येणार नाही. त्याच्या पुढचा फरक मात्र 0.0000000444 आहे. कमी व्हायच्या ऐवजी तो वाढलाय! आणि त्यानंतरचा थेट 0.0000444089, म्हणजे हजारपट मोठा.

फरक लहान होत होत अचानक मोठे व्हायला लागले, की तक्ता तिथेच संपला असं समजायचं. त्यापुढच्या ओळी कितीही "जवळच्या" असल्या तरी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. वरच्या तक्त्यातल्या खऱ्या कामाच्या ओळी फक्त पहिल्या चार.

शून्य आलं कुठून?

संगणक संख्या ठरावीक अंकांतच साठवतो. नेहमीच्या पद्धतीत हे सुमारे 16 सार्थ अंक असतात. 1 च्या लगेच खाली त्याला माहीत असलेल्या संख्या एकमेकींपासून 2⁻⁵³ अंतरावर, म्हणजे सुमारे 1.11 × 10⁻¹⁶ अंतरावर आहेत. मधल्या जागेत त्याच्या दृष्टीने काहीच नाही. शिडीसारखं समजा: पाय पायरीवरच ठेवता येतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही.

आता x = 0.0000001 घ्या. 1 − cos x ची खरी किंमत जवळपास 5 × 10⁻¹⁵. पायऱ्यांत मोजली तर 45.04 पायऱ्या. संगणकाला 45 वरच थांबावं लागतं, .04 सुटतं. एरवी एवढ्याशा कसरीने काही बिघडलं नसतं, पण वजाबाकी झाल्यावर हाती उरलेली सगळी संपत्तीच 45 पायऱ्यांची आहे. त्यात .04 ची कसर म्हणजे उत्तराच्या चौथ्या दशांश स्थळाला धक्का: 0.4996. आणि x = 0.00000001 ला तर खरा फरक 5 × 10⁻¹⁷, अर्ध्या पायरीपेक्षाही कमी. संगणक cos x ला सरळ 1 म्हणतो, 1 − 1 = 0, आणि 0 ला कशानेही भागलं तरी 0.

एक गंमत करून बघा. x = 0.000000011 घ्या, म्हणजे आधीच्या x पेक्षा किंचित मोठा. आता फरक अर्ध्या पायरीच्या जरासा वर गेला, म्हणून संगणक पूर्ण एक पायरी मोजतो, आणि उत्तर येतं 0.9175. x मध्ये एक अब्जांश भागाचा बदल, आणि उत्तर 0 वरून 0.92 वर.

दोषी भागाकार नाही, वजाबाकी आहे. जवळजवळ सारख्या दोन संख्या एकमेकींतून वजा केल्या की पुढचे जुळणारे अंक उडून जातात आणि मागचे अविश्वसनीय अंक पुढे येऊन बसतात. लिमिटच्या 0/0 प्रकारच्या गणितांत असं वारंवार घडतं, म्हणून हा प्रकार ओळखून ठेवा. साध्या कॅल्क्युलेटरवर अंक आणखी कमी असतात, तिथे शून्य याहून आधीच टपकतं.

म्हणजे दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. x मोठा असेल तर फंक्शन अजून लिमिटपाशी पोहोचलेलं नसतं, आणि x फार लहान असेल तर अंकच पुरत नाहीत. या उदाहरणात पहिली चूक x²/24 आणि दुसरी जास्तीत जास्त 5.5 × 10⁻¹⁷/x² एवढी. दोन्ही सारख्या कुठे होतात ते काढलं तर x सुमारे 0.0002 येतो. सगळ्यात भरवशाचं उत्तर त्या भागात मिळतं, सगळ्यात लहान x ला नव्हे. त्या विद्यार्थ्याला मी सांगायला हवा होता तो उरलेला अर्धा नियम हाच.

10 च्या घातांवर भिस्त ठेवू नका

समजा संगणक अगदी निर्दोष आहे, हवे तितके अंक देतो. तरीही तक्ता फसवू शकतो. आपल्याच फंक्शनमध्ये एक पद मिसळू:

```
g(x) = (1 - cos x) / x^2 + sin^2(π/x)
```

x = 0.1, 0.01, 0.001 घेतले तर π/x होतं 10π, 100π, 1000π. या सगळ्यांचा साइन शून्य. त्यामुळे g चा तक्ता f च्या तक्त्याशी तंतोतंत जुळतो, आणि तुम्ही बिनधास्त 0.5 लिहिता.

शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मात्र x = 0.3, 0.03, 0.003 घेतले. तिला 1.24626, 1.24996, 1.2499996 अशी उत्तरं मिळतात. तिचेही फरक शंभरपटीने कमी होतायत, तिचाही तक्ता देखणा आहे, आणि ती ठामपणे सांगते, लिमिट 1.25. (कारण 10, 100, 1000 या प्रत्येकाला 6 ने भागलं की बाकी 4 च उरते, म्हणून तिच्या प्रत्येक बिंदूपाशी साइनचा वर्ग तोच 0.75 येतो.) वर सांगितलेली फरकांची चाचणी दोघांनीही केली, दोघेही पास झाले, आणि g ला तर लिमिटच नाही. ते 0 जवळ 0.5 आणि 1.5 च्या मध्ये कायम वरखाली होत राहतं.

आता x = 0.07, 0.007, 0.0007 घेऊन बघा: 1.1111, 0.6883, 1.4505. इथे बिंग फुटतं.

म्हणून दुसरा तक्ता नेहमी वेगळ्या चालीचा घ्यावा. पहिला 10 च्या घातांचा असेल तर दुसऱ्यात 7 ने सुरुवात करा, किंवा x दर वेळी 0.6 पटीने कमी करा, किंवा सरळ मनाला येतील ते वेडेवाकडे आकडे घ्या: 0.0413, 0.00271, 0.000583. दोन्ही तक्ते एकाच ठिकाणी गेले नाहीत तर प्रश्न तिथेच संपला, ते लिमिट नाही. गेले तर मात्र काही सिद्ध झालं असं नाही. तक्ता कितीही लांब असला तरी त्यात मोजकेच बिंदू असतात, आणि त्या सगळ्या बिंदूंवर शून्य होणारं पण मध्ये उसळणारं एखादं पद कुणीही तयार करू शकतो. तक्त्याला "नाही" ठणकावून सांगता येतं, "हो" फक्त कुजबुजता येतं.

दोन्ही बाजूंनी या

हे पटकन सांगतो. f मध्ये x च्या जागी −x टाकलं तरी काही बदलत नाही, म्हणून इथे एक बाजू पुरली. पण त्याच्या जवळच्याच √(1 − cos x) / x या फंक्शनला उजवीकडून तक्ता 0.7071 कडे नेतो आणि डावीकडून −0.7071 कडे. फक्त धन x घेणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. ऋण x ची एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो.

हळू चालणारी फंक्शन्स

ही फसवणूक मला सगळ्यात जास्त आवडते, कारण इथे ना संगणक चुकतो, ना बिंदू. उजवीकडून x → 0 होताना x^0.01 चा तक्ता बघा:

```
0.1        0.97724
0.01       0.95499
0.001      0.93325
0.0001     0.91201
0.00001    0.89125
```

काय वाटतं, 0.9 च्या आसपास कुठेतरी? 0.85? लिमिट 0 आहे. पण किंमत 0.5 च्या खाली यायला x ला 10⁻³⁰ च्याही पलीकडे जावं लागतं, आणि 0.01 वर यायला 10⁻²⁰⁰ पर्यंत.

इथे पुन्हा फरकच वाचवतात. ते आहेत 0.02225, 0.02174, 0.02124, 0.02076. ते कमी होतायत खरे, पण प्रत्येक वेळी फक्त 0.977 पट. आधीच्या तक्त्यात हा आकडा 0.01 होता. फरक दर वेळी ठरावीक r पटीने कमी होत असतील तर पुढे एकूण किती घट शिल्लक आहे हे भूमितीय श्रेणीने काढता येतं: शेवटचा फरक × r/(1 − r). म्हणजे 0.02076 × 0.97724/0.02276, जवळपास 0.891. शेवटची किंमत 0.89125, त्यातून 0.891 गेले. उरलं शून्याच्या आसपास. ज्या तक्त्याकडे बघून आपण 0.85 म्हणणार होतो, त्याच तक्त्यात खरं उत्तर लपलेलं होतं.

अंगठ्याचा हिशेब असा ठेवा: x दहापट कमी केल्यावर फरक निम्म्यानेसुद्धा कमी होत नसतील, तर दिसणाऱ्या अंकांपैकी एकही पक्का मानू नका.

आलेख कधी खोटं बोलतो

f चा आलेख x = −1 ते 1 मध्ये काढला तर दोन्ही टोकांना 0.46 आणि मध्ये 0.5 अशी गुळगुळीत टेकडी दिसते. माथ्यावर, x = 0 ला, खरं तर छिद्र आहे, पण एका बिंदूला रुंदी नसते आणि पिक्सेलला असते, त्यामुळे ते दिसत नाही. लिमिटच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. x = 0 ला काय आहे याच्याशी लिमिटला देणंघेणं नाहीच.

उभ्या अक्षाचं प्रमाण मात्र आधी वाचा. बरीच सॉफ्टवेअर्स तो अक्ष आपणहून ताणतात. 0.46 ते 0.5 एवढ्याच पट्ट्यात ही टेकडी डोंगर वाटते, 0 ते 10 मध्ये सपाट रेघ. आलेखावरून उत्तर वाचताना एका पिक्सेलची किंमत किती, एवढ्यापलीकडची अचूकता सांगू नये.

आता त्याच आलेखात x = 0 पाशी मोठं करत जा. एक कोटीपट मोठं केलं की टेकडीच्या जागी करवतीचे दात दिसतात. 0 च्या दोन्ही बाजूंना 1.05 × 10⁻⁸ पर्यंत रेघ शून्यावर पडलेली, मग एकदम 1 वर उडी, तिथून घसरत 1/3 पर्यंत, पुन्हा उडी 2/3 वर, घसरत 2/5, उडी 3/5. मघाच्याच शिडीच्या पायऱ्या या. मोठं केल्यावर आलेख गुळगुळीत होत जायला हवा. तो खडबडीत व्हायला लागला, तर आपल्याला फंक्शन नव्हे, यंत्र दिसतंय असं समजा.

g च्या आलेखाची तऱ्हा उलटी आहे. 0.001 आणि 0.002 च्या मध्ये त्याच्या 500 लाटा आहेत, आणि 1000 पिक्सेल रुंदीच्या चित्रात एवढ्या भागाला अर्धा पिक्सेल मिळतो. सॉफ्टवेअर त्यातला एखादाच बिंदू उचलतं. मध्यभागी दिसणारा गडद पट्टा किंवा विचित्र नक्षी कुठले बिंदू उचलले गेले यावर ठरते. मोठं केल्यावर नक्षी प्रत्येक वेळी नवीच दिसली, तर उसळणाऱ्या पदाचा संशय घ्या.

मग अंदाजाचं करायचं काय

तक्त्याने 0.5 सुचवलं. आता त्या घातकी वजाबाकीलाच हटवू. 1 − cos x = 2 sin²(x/2) हे सूत्र वापरलं की

```
f(x) = 2 sin^2(x/2) / x^2
```

गणिताच्या दृष्टीने फंक्शन तेच, पण आता जवळच्या संख्या एकमेकींतून वजा होत नाहीत. याच रूपात तक्ता पुन्हा काढा, x = 0.00000001 ला 0 च्या जागी 0.5 येतं. एकाच फंक्शनची दोन रूपं एकाच बिंदूला वेगळी उत्तरं देत असतील तर दोष आकडेमोडीत आहे, ही तपासणी कुठल्याही 0/0 गणिताला लागू पडते.

आणि सिद्धताही आता दोन पावलांवर आहे. t शून्याजवळ असताना (आणि शून्य नसताना) cos t < sin t / t < 1 हे वर्तुळाच्या आकृतीवरून मिळतं. t = x/2 ठेवा, वर्ग करा, निम्मे करा:

```
(1/2) cos^2(x/2)  <  f(x)  <  1/2
```

x → 0 होताना डावीकडची बाजूही 1/2 कडे जाते, म्हणून f ला दुसरीकडे जायला वाटच नाही. लिमिट 1/2.

ही असमानता हाती घेऊन आता पुन्हा वरचा तक्ता बघा. f ची किंमत कधीच 0.5 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पाचव्या ओळीतला 0.5000000414 हा आकडा, जो अंदाज बांधताना कुणालाही उत्तराच्या अगदी जवळचा वाटला असता, तो अशक्यच होता.